रिपोर्टमध्ये ‘स्टॉप’ दिसला, आता मोजपट्टी काढा: बीटा-ग्लोबिन जनुकावर एनएमडी कसं तपासायचं

दोन रिपोर्ट शेजारी ठेवा. जनुक एकच, बीटा-ग्लोबिनचं HBB. पहिल्यात c.118C>T, दुसऱ्यात c.364G>T. दोन्ही बदलांनी प्रथिनाच्या मधेच ‘थांब’ अशी खूण उमटते, आणि दोन्ही माणसांकडे बदल एकाच प्रतीत आहे, दुसरी प्रत शाबूत. सॉफ्टवेअर दोघांपुढे एकच शब्द टाकतं: stop_gained. प्रत्यक्षात पहिला माणूस साधा थॅलेसेमिया मायनर असतो. हिमोग्लोबिन थोडं कमी, पेशी लहान, HbA2 साडेतीनच्या वर, बाकी तब्येत ठणठणीत. दुसऱ्याला मात्र एकच प्रत बिघडलेली असूनही अशक्तपणा, वाढलेली प्लीहा, कावीळ असा खराखुरा आजार होऊ शकतो.

गंमत अशी की दुसऱ्या माणसाचं प्रथिन पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त तयार होतं. पहिल्यात एकोणचाळीस अमिनो आम्लांवर गाडी थांबते, दुसऱ्यात एकशे एकवीसवर. ‘जेवढं लवकर तुटलं तेवढं वाईट’ हा आपला सहज हिशोब इथे उलटा पडतो. त्याचं कारण पेशीची एक सफाई यंत्रणा: नॉनसेन्स-मेडिएटेड डिके, बोलीत एनएमडी. अकाली स्टॉप असलेला एमआरएनए ती ओळखते आणि फाडून टाकते. पहिल्या माणसात तिने काम केलं, दुसऱ्यात तिला बिघाड दिसलाच नाही.

तर स्टॉप दिसला की तो एनएमडीच्या तावडीत सापडेल की निसटेल, हे कागद-पेन्सिलीने कसं ठरवायचं आणि त्यातून रिपोर्टमध्ये काय लिहायचं, ते या HBB वरच करून बघू. जनुक छोटं आहे, तीनच एक्झॉन आहेत, आणि आपल्याकडे महाराष्ट्रात थॅलेसेमियाच्या निमित्ताने ते रोज टेबलावर येतं.

पेशीला कळतं कसं?

रायबोसोमसाठी सगळे स्टॉप सारखेच. TAA, TAG किंवा TGA आलं की तो थांबतो. हा स्टॉप योग्य जागी आहे की अकाली, हे त्याला त्या तीन अक्षरांवरून कळायला काही मार्ग नाही. ते कळतं स्टॉपच्या पुढे काय उरलंय त्यावरून.

केंद्रकात इंट्रॉन कापून दोन एक्झॉन जोडले जातात, तेव्हा प्रत्येक जोडाच्या साधारण 20 ते 24 अक्षरं अलीकडे प्रथिनांचा एक पुंजका चिकटून राहतो. त्याला एक्झॉन जंक्शन कॉम्प्लेक्स म्हणतात. शिंप्याने शिवण घातल्यावर टाचणी काढायची विसरावी तसं. एमआरएनए बाहेर आला की पहिला रायबोसोम त्यावरून चालत जातो आणि वाटेतल्या सगळ्या टाचण्या झाडून टाकतो. नेहमीचा स्टॉप बहुतेक जनुकांत शेवटच्या एक्झॉनमध्ये असतो, म्हणजे शेवटच्या जोडाच्याही पुढे. त्यामुळे रायबोसोम तिथे पोचेपर्यंत एकही टाचणी उरलेली नसते.

स्टॉप आधीच आला तर रायबोसोम तिथेच थांबतो आणि पुढची टाचणी जागच्या जागी राहते. थांबलेल्या रायबोसोमजवळ यूपीएफ1 नावाचं प्रथिन येतं. टाचणीवर बसलेल्या यूपीएफ2 आणि यूपीएफ3बी यांच्याशी त्याची गाठ पडते, एसएमजी1 त्याला फॉस्फेट लावतं आणि एमआरएनए तोडायची प्रक्रिया सुरू होते. एसएमजी6 स्टॉपच्या आसपासच कात्री चालवतं, उरलेले तुकडे दोन्ही टोकांकडून खाल्ले जातात.

आता 50-55 चा नियम कुठून येतो ते पाहा, म्हणजे तो पाठ करावा लागणार नाही. टाचणी जोडाच्या वीस-चोवीस अक्षरं अलीकडे आहे. रायबोसोम हा काही बिंदू नाही, त्याला अंग आहे. तो स्टॉपवर उभा असला तरी त्याची पुढची कड काही अक्षरं पुढे पोचलेली असते. स्टॉप टाचणीच्या फार जवळ असेल तर ती तो नुसत्या अंगानेच पाडतो. म्हणून टाचणी टिकायची तर स्टॉप शेवटच्या जोडापासून साधारण 50 ते 55 अक्षरांपेक्षा जास्त अलीकडे हवा. तेवढा असेल तर एनएमडी अपेक्षित. त्याहून जवळ असेल किंवा शेवटच्याच एक्झॉनमध्ये असेल, तर एमआरएनए टिकण्याची शक्यता.

पायरी पहिली: कोणता ट्रान्सक्रिप्ट, कोणता आकडा

मोजायच्या आधी नकाशा. HBB साठी आपण NM_000518.5 वापरतो. ATG च्या A ला 1 धरलं की नकाशा असा: पहिला एक्झॉन c.92 पर्यंत, दुसरा c.93 ते c.315, तिसरा c.316 पासून पुढे. नेहमीचा स्टॉप c.442 ते c.444 वर. जोड दोनच, आणि शेवटचा जोड c.315 आणि c.316 च्या मध्ये. हा 315 आकडा समोर लिहून ठेवा, पुढचा सगळा हिशोब त्याच्याभोवती फिरतो.

इथेच एक जुना खड्डा आहे. थॅलेसेमियाच्या जगात कोडॉन मोजायची रीत मूळच्या प्रथिनावरून आली, आणि त्यात पहिलं मेथिओनिन धरत नाहीत, कारण ते नंतर कापलं जातं. आजच्या एचजीव्हीएस पद्धतीत ते धरतात. म्हणून जुन्या लोकांचं ‘कोडॉन 39’ म्हणजे आजचं p.Gln40Ter, आणि ‘कोडॉन 121’ म्हणजे p.Glu122Ter. सुरुवातीच्या काळात मी एका घरच्या दोन रिपोर्टांवर अर्धा दिवस घालवला होता. एकात वडिलांचा ‘कोडॉन 39’, दुसऱ्यात मुलीचा ‘40’, आणि मी नवा बदल शोधतोय! दोन्ही एकच होते. आता मी कोडॉनच्या आकड्यावर विश्वास ठेवतच नाही, आधी c. चा आकडा बघतो.

पायरी दुसरी: खरा स्टॉप कुठे पडतो ते शोधा

नॉनसेन्स बदलात हे सोपं आहे, बदल जिथे तिथेच स्टॉप. c.118C>T ने CAG चं TAG होतं, तो c.118 ते c.120 वर.

फ्रेमशिफ्टमध्ये मात्र बदल एका जागी आणि स्टॉप दुसऱ्या जागी असतो. मोजायचं असतं ते स्टॉपपासून, बदलापासून नाही. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. भारतात नेहमी सापडणारा ‘कोडॉन 41/42 (-TTCT)’ घ्या. एचजीव्हीएसमध्ये तो c.126_129del, p.Phe42LeufsTer19. शेवटच्या 19 चा अर्थ: बदललेलं पहिलं अमिनो आम्ल (42 वं) एक नंबर धरून मोजत गेलं की एकोणिसावा कोडॉन स्टॉप. म्हणजे 42 + 18 = 60 वा.

एकदा तरी हाताने वाचून बघा, मग विसरणार नाही. चार अक्षरं गेल्यावर चौकट अशी सरकते: TTG AGT CCT TTG GGG ATC TGT CCA CTC CTG ATG CTG TTA TGG GCA ACC CTA AGG TGA. शेवटचा TGA मूळ क्रमात वेगळा असा नव्हताच. GTG मधलं TG आणि पुढच्या AAG मधलं A असे जुळून तो झाला. मूळ क्रमांकात तो c.182 ते c.184 वर येतो.

दरवेळी हाताने करायचं नसेल तर इतका कोड पुरतो:

```python
def new_stop(seq, start, end, ins=""):
    # seq: ATG पासून पूर्ण mRNA; start, end: c. क्रमांक
    m = seq[:start-1] + ins + seq[end:]
    shift = len(ins) - (end - start + 1)
    for i in range(0, len(m) - 2, 3):
        if m[i:i+3] in ("TAA", "TAG", "TGA"):
            return i + 3, i + 3 - shift
    return None
```

`new_stop(seq, 126, 129)` दिलं की `(180, 184)` येतं. पहिला आकडा बदललेल्या एमआरएनएमधला, दुसरा मूळ क्रमांकातला. मूळ क्रमांकातला घेतला की 315 मधून सरळ वजा करता येतो, जोड किती सरकला याची चिंता नाही. मात्र `seq` मध्ये नेहमीच्या स्टॉपनंतरचा भागही द्या, नुसता कोडिंग भाग नको. का, ते लगेच येतंय.

पायरी तिसरी: वजाबाकी

c.118C>T: 315 − 120 = 195. पंचावन्नच्या खूप वर. एनएमडी अपेक्षित.

c.126_129del: 315 − 184 = 131. हेही वर. एनएमडी अपेक्षित.

c.364G>T: GAA चं TAA, तिसऱ्या एक्झॉनमध्ये. पुढे जोडच नाही, टाचणी नाही, वजाबाकीचा प्रश्नच नाही. एमआरएनए टिकणार, आणि 26 अमिनो आम्लं कमी असलेली साखळी तयार होत राहणार.

आता जरा तिढ्याचं. HBB मध्ये साधारण कोडॉन 63 ते 88 च्या पट्ट्यात (एचजीव्हीएसच्या मोजणीने) कुठेही एकच अक्षर गळालं, तर चौकट सरकून सगळ्यांचा स्टॉप एकाच ठिकाणी पडतो: CTG AGT मधल्या TGA वर, मूळ c.266 ते c.268. बदल वीस-पंचवीस कोडॉनच्या पट्ट्यात पसरलेले, पण स्टॉप एकच. वजाबाकी: 315 − 268 = 47. म्हणजे रेषेच्या अगदी काठावर, आतल्या बाजूला. बदल c.200 च्या आसपास असेल आणि तुम्ही बदलापासूनच मोजलंत, तर शंभराच्या वर आकडा येतो आणि ‘एनएमडी नक्की’ असं लिहून मोकळे होता. स्टॉपपासून मोजलं की कळतं, इथे खात्री देता येत नाही. 50-55 ही काही कायद्याची कलम नाही. तीन-चार अक्षरं इकडेतिकडे असतील तर मी रिपोर्टमध्ये ‘सीमारेषेवर’ असंच लिहितो आणि आरएनएची चाचणी शक्य आहे का ते विचारतो.

दुसरा तिढा: दुसऱ्या एक्झॉनच्या शेवटाकडे, जुन्या मोजणीतल्या कोडॉन 94 वर, TG ही दोन अक्षरं जास्तीची येतात तो बदल. कागदावर तो ‘दुसऱ्या एक्झॉनमधला फ्रेमशिफ्ट’. चौकट वाचत जा: GTG ACA AGC TGC… असं करत जोड ओलांडतो, तिसऱ्या एक्झॉनमध्ये शिरतो, आणि नेहमीच्या TAA च्या जागी ACT AAG असं वाचून तेही ओलांडून जातो. स्टॉप सापडतो तो पुढच्या, एरवी न वाचल्या जाणाऱ्या भागात. प्रथिन तुटत तर नाहीच, उलट नेहमीपेक्षा लांब होतं, शेपूट मात्र भलतंच. नुसता कोडिंग भाग दिला असता तर आपल्या कोडने इथे `None` दिलं असतं. या बदलाला हीमोग्लोबिन अग्नाना म्हणतात, आणि तोही एका प्रतीत असताना आजार देणाऱ्या गटातला आहे. ‘फ्रेमशिफ्ट म्हणजे ट्रंकेटिंग’ हे समीकरण डोक्यातून काढायला याहून चांगलं उदाहरण नाही.

व्हीईपी वापरणाऱ्यांसाठी एक सूचना. त्याचा NMD प्लगइन `NMD_escaping_variant` असा शेरा देतो, पण त्याचे नियम बदलाच्या जागेवर चालतात, नव्या स्टॉपच्या जागेवर नाही. नॉनसेन्सला ते चालून जातं. फ्रेमशिफ्टला तो शेरा फक्त पहिली चाळणी समजा, वजाबाकी स्वतः करा.

पायरी चौथी: नियमाला न जुमानणारे

पहिला अपवाद सुरुवातीजवळचा. आपल्याकडे ‘कोडॉन 15 (G>A)’ हा बदल सापडतो: c.47G>A, TGG चं TAG. वजाबाकी केली तर 315 − 48 = 267, म्हणजे एनएमडी अगदी नक्की वाटतं. पण कोडॉन 15 सारख्या अगदी सुरुवातीच्या स्टॉपवर केलेल्या प्रयोगांत हा एमआरएनए जवळजवळ नेहमीइतकाच साठलेला दिसला. स्पष्टीकरण असं दिलं जातं: एमआरएनएचं शेपूट धरून बसलेलं प्रथिन, पीएबीपीसी1, सुरुवातीच्या टोकाशी गाठ बांधून असतं. त्यामुळे सुरुवातीलाच थांबलेल्या रायबोसोमला ते शेजारीच सापडतं, आणि पेशीला वाटतं की हा स्टॉप रीतसर जागीच आहे.

काही जनुकांत दुसरं कारण असतं: पुढे एखादा ATG योग्य चौकटीत असेल तर रायबोसोम तिथून पुन्हा सुरुवात करतो आणि थोडं लहान पण कामाचं प्रथिन बनतं. म्हणून स्टॉप सुरुवातीच्या शे-दीडशे अक्षरांत असेल तर पुढचा चौकटीतला ATG शोधायची सवय लावून घ्या, आणि त्याआधीचा भाग प्रथिनाला कितपत लागतो तेही पाहा. HBB मध्ये चौकटीतला पुढचा ATG थेट 56 व्या कोडॉनवर आहे. तोवर प्रथिनाचा एक तृतीयांशाहून मोठा हिस्सा गेलेला असतो, तिथून कामाचं ग्लोबिन बनण्याची आशा नाही.

आता महत्त्वाचं. कोडॉन 15 चा एमआरएनए एनएमडीतून निसटला, तरी माणसात चित्र बदललं का? नाही. तिथे पंधरा अमिनो आम्लांचा तुकडा बनतो, तो ना कामाचा ना त्रासाचा. परिणाम साध्या शून्य-उत्पादनाचाच, बीटा-शून्य. एका प्रतीत असेल तर माणूस मायनर. म्हणून ‘एनएमडीतून निसटला’ एवढं लिहून थांबण्यात अर्थ नाही. निसटून काय बनलं, हा पुढचा प्रश्न लगेच विचारायचा.

दुसरा अपवाद लांब एक्झॉनचा. चारशे अक्षरांहून मोठ्या एक्झॉनमधले स्टॉप एनएमडीला कमी बळी पडतात, असं मोठ्या आकडेवारीवरून दिसलं आहे. HBB चा दुसरा एक्झॉन 223 अक्षरांचा, तिथे हा प्रश्न येत नाही. इतर जनुकांत हा मुद्दा टीप म्हणून लिहावा, त्यावर बदलाचं वजन कमी करू नये, कारण तिथे एमआरएनए घटतो, पण पूर्ण सुटतोच असं नाही. आणि ज्या जनुकाला इंट्रॉनच नाही तिथे जोड नाही, टाचणी नाही. तिथले सगळे स्टॉप निसटलेले धरा.

पायरी पाचवी: निसटलेलं प्रथिन काय करतं

सुरुवातीच्या दोन रिपोर्टांकडे परत येऊ. c.118C>T मध्ये बिघडलेला एमआरएनए फाडला जातो. दुसऱ्या प्रतीकडून बीटा साखळी येत राहते, निम्म्याच्या आसपास. अल्फा साखळ्या थोड्या जास्त होतात, पण लाल पेशी घडवणाऱ्या पेशींची पचनयंत्रणा तेवढ्या सांभाळून घेते. सगळं निभावतं.

c.364G>T मध्ये एमआरएनए टिकतो आणि लांडी बीटा साखळी बनत राहते. ती अस्थिर असते, अल्फाशी नीट जुळत नाही. जास्तीच्या अल्फा आणि या न जुळणाऱ्या बीटा, दोन्हींचा निचरा एकाच यंत्रणेला करायचा. ती तुंबते. साखळ्यांचे गोळे पेशीतच साचतात, आणि लाल पेशी अस्थिमज्जेतच, रक्तात यायच्या आधी मरतात. म्हणून हा आजार एका प्रतीत दिसतो. या गटाला प्रभावी बीटा थॅलेसेमिया म्हणतात, आणि त्यातले बरेचसे बदल तिसऱ्या एक्झॉनमधलेच आहेत, ते उगीच नाही. मात्र तिसऱ्या एक्झॉनमधला प्रत्येक स्टॉप सारखाच तीव्र असतो असंही नाही. किती आणि कोणता भाग उरला त्यावर ठरतं.

हीच गोष्ट दुसऱ्या जनुकांतही भेटते. SOX10 मध्ये आधीचे स्टॉप वार्डेनबर्ग-हर्षस्प्रंग देतात. शेवटच्या एक्झॉनमधले, एनएमडीतून निसटणारे स्टॉप मात्र त्याच्या जोडीला मज्जातंतूंच्या आवरणाचा आजारही देतात. पण उलट टोकही लक्षात असू द्या. BRCA2 मधला c.9976A>T, p.Lys3326Ter हाही शेवटच्या एक्झॉनमधला स्टॉप. 3418 पैकी शेवटची 93 अमिनो आम्लं कमी झालेलं प्रथिन आपलं काम करतं, आणि हा बदल निरुपद्रवी धरला जातो. याला घाबरून कुणी शस्त्रक्रियेच्या चर्चेला बसू नये. म्हणजे निसटलेलं प्रथिन विषारी ठरू शकतं, निकामी ठरू शकतं किंवा ठीकठाकही असू शकतं. हे वजाबाकी सांगत नाही, जनुकाचं ज्ञान सांगतं.

पायरी सहावी: PVS1 किती द्यायचा

एसीएमजीच्या 2015 च्या चौकटीत PVS1 हा सगळ्यात वजनदार पुरावा, आणि पूर्वी स्टॉप दिसला की तो डोळे मिटून लावला जायचा. 2018 मध्ये क्लिनजेनने त्यासाठी निर्णयवृक्ष दिला आणि त्यात एनएमडी पहिल्या फांदीवर आहे. सगळ्यात आधीची अट मात्र ही: त्या जनुकात कार्य गमावल्याने आजार होतो हे सिद्ध हवं. नसेल तर पुढे जायचंच नाही.

एनएमडी अपेक्षित आणि तो एक्झॉन कामाच्या ट्रान्सक्रिप्टमध्ये असेल, तर पूर्ण PVS1. आपले c.118C>T आणि c.126_129del इथे बसतात. एनएमडी अपेक्षित नसेल, तर गेलेला भाग प्रथिनाला अत्यावश्यक आहे का ते बघायचं. असेल तर PVS1_Strong. ते माहीत नसेल, तर आधी सर्वसाधारण लोकसंख्येत त्या एक्झॉनमध्ये असे बदल सर्रास दिसतात का ते पाहायचं. दिसत असतील तर PVS1 लावायचाच नाही. दिसत नसतील आणि प्रथिनाचा दहा टक्क्यांहून जास्त भाग गेला असेल तर Strong, कमी असेल तर Moderate.

c.364G>T मध्ये 147 पैकी 26 जातात, म्हणजे जवळपास अठरा टक्के. वृक्षाने चाललात तर Strong मिळतो आणि इतर पुराव्यांसह वर्गीकरण ‘रोगकारक’ होतं. पण हे शीर्षक तेवढंच सांगतं, आणि माझी खरी तक्रार इथे आहे. ‘HBB, रोगकारक, एका प्रतीत’ असं वाचून बहुतेक जण ‘कॅरिअर’ असं सांगून पेशंटला घरी पाठवतात. PVS1 कार्य गमावल्याचं वजन मोजतो. लांडी साखळी स्वतःच त्रास देते, हे त्याच्या भाषेत बसत नाही. म्हणून निष्कर्षाखाली शब्दांत लिहा: ‘हा बदल तिसऱ्या एक्झॉनमध्ये असून एमआरएनए एनएमडीतून निसटण्याची शक्यता आहे. एका प्रतीतही लक्षणं असू शकतात. हिमोग्लोबिन, रेटिक्युलोसाइट आणि प्लीहा तपासून क्लिनिकल मेळ घालावा.’

पायरी सातवी: शंका असेल तर आरएनए

सीमारेषेवरचे, सुरुवातीजवळचे आणि जोडाजवळचे बदल कागदावर सुटत नाहीत. तिथे पेशीलाच विचारावं लागतं. कल्पना साधी आहे. एका प्रतीत बदल असलेल्या माणसाच्या डीएनएमध्ये दोन्ही अक्षरं सारखी दिसतात, पन्नास-पन्नास. त्याच माणसाच्या आरएनएपासून सीडीएनए बनवून तोच भाग वाचा. बिघडलेल्या अक्षराचं शिखर खाली बसलं असेल तर त्याचा एमआरएनए फाडला जातोय. बरोबरीत असेल तर निसटलाय. डीएनएचं शिखर शेजारी ठेवल्याशिवाय निकाल देऊ नका. सँगरमध्ये काही अक्षरं मुळातच बुटकी येतात.

एनएमडी कधीही शंभर टक्के नसतं, थोडा एमआरएनए उरतोच. म्हणून ‘बिघडलेलं अक्षर दिसलं, म्हणजे एनएमडी नाही’ हा निष्कर्ष चुकीचा. प्रमाण बघायचं, हजेरी नाही.

याच्या उलटी चूक जास्त महागात पडते. जोडाजवळच्या एखाद्या बदलाने स्प्लायसिंग बिघडतं, त्यातून चौकट सरकते, स्टॉप येतो, आणि तो एमआरएनए एनएमडीने खाल्ला जातो. मग सीडीएनएमध्ये काय दिसतं? फक्त शाबूत प्रतीचा सुंदर, स्वच्छ क्रम. आणि रिपोर्टमध्ये जातं: ‘स्प्लायसिंगवर परिणाम नाही.’ पुरावा जळून गेला, आणि आपण म्हणतोय आग लागलीच नाही. यातून सुटायचे दोन मार्ग. एक, एक्झॉनमध्ये कुठे तरी दोन्ही प्रतींना वेगळं ओळखू देणारा साधा फरक शोधा. सीडीएनएमध्ये त्याचंही एकच अक्षर दिसत असेल, तर एक प्रत गायब आहे. दोन, पेशी वाढवता येत असतील तर काही तास सायक्लोहेक्सिमाइड किंवा प्युरोमायसिन देऊन रायबोसोम थांबवा. एनएमडीला चालता रायबोसोम लागतो. तो थांबला की लपलेला एमआरएनए वर येतो. औषध दिलेला आणि न दिलेला असे दोन नमुने शेजारी चालवा. औषध लागू पडलं हे दाखवायला SRSF2 चा तो प्रकार बघा जो एरवी एनएमडीने खाल्ला जातो. तो वाढला नसेल तर प्रयोग फसलाय, पेशंटबद्दल काही बोलू नका.

HBB च्या बाबतीत दुसरा मार्ग बंद असतो. ग्लोबिन बनतं ते लाल पेशींच्या कुळातच. लिम्फोसाइट वाढवून उपयोग नाही. रक्तातले रेटिक्युलोसाइट घ्यावे लागतात, त्यांत ग्लोबिनचा एमआरएनए भरपूर असतो, पण केंद्रक नसल्याने त्यांत नवा एमआरएनए बनत नाही, म्हणून औषध देऊन लपलेला वर आणायचा डाव तिथे चालत नाही. तेव्हा शिखरांच्या तुलनेवरच भागवायचं. प्रायमर वेगवेगळ्या एक्झॉनमध्ये ठेवा, म्हणजे नमुन्यात उरलेला डीएनए वाढून घोटाळा करणार नाही. HBB च्या शेजारच्या HBD शी त्याचा क्रम इतका जुळतो की प्रायमर नीट न तपासता मागवलात तर दोन्हींची खिचडी वाचत बसाल. आणि रक्त चढवलेल्या पेशंटचा नमुना घेऊच नका. त्यातले थोडेफार रेटिक्युलोसाइट दात्याचे असू शकतात, आणि मग शाबूत अक्षराचं जे शिखर वर चढतं, त्यातलं किती पेशंटचं आणि किती दात्याचं, हे कुणालाच सांगता येणार नाही.